क कपाट, तिसरा कप्पा

सरांकडे पाहुणा आला की चहाच्या आधी एक किस्सा यायचा. "आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं मी, आणि ते आमच्या हिने रद्दीत घातलं." पाहुणा हसायचा, सर हसायचे, आणि 'ही' म्हणजे बाई ट्रे धरून हसऱ्या तोंडाने उभ्या राहायच्या. एकवीस वर्षं! बरं, घातलं असतं तर गोष्ट वेगळी. घातलंच नव्हतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पुस्तक म्हणजे अठ्ठेचाळीस पानांची चोपडी, 'अंगणातलं सूर्यघड्याळ'. शेवटची उरलेली प्रत दिसेनाशी झाली, आणि नेमकी त्याच आठवड्यात बाईंनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला दिली होती. झालं, शिक्का बसला. सगळी कपाटं तीनदा धुंडाळली, चोपडी काही मिळाली नाही.

बाईंनी तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली होती. बाहेरची लाखभर पुस्तकं त्यांनी मार्गी लावली, पण घरच्या दोन हजारांना हात लावायची सोय नव्हती. "मला सगळं तोंडपाठ आहे," असं सर म्हणायचे. यंदा मात्र एका शब्दकोशापायी त्यांची अख्खी सकाळ गेली, आणि तो निघाला कुठे, तर पाकशास्त्राच्या पुस्तकांमागे. तेव्हा ते पडेल आवाजात म्हणाले, "लाव बाई तुझी यादी."

बाईंनी पदर खोचला. सुनेला हाताशी घेतलं. कपाटांना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली, कप्प्यांना आकडे दिले, आणि विषयवार पुस्तकं लावून प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या बाजूला चिठ्ठी डकवली. दर पुस्तकाची तीन कार्डं: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. तिन्हींवर जागा एकच. कार्डांसाठी बुटांची खोकी आणली. सर दारातून म्हणाले, "चला, आता पुस्तकं बुटात!" बाईंनी पुढचं कार्ड लिहायला घेतलं.

सून चटपटीत. पाठीवरचं नाव वाचून भराभर कार्डं लिहायला लागली. बाईंनी तिचा हात धरला. "पाठीवर विसंबायचं नाही, बाळ. उघडायचं, आतलं शीर्षकाचं पान बघायचं, मग लिहायचं. आणि शेवटपर्यंत चाळायचं."

"आई, दोन हजार पुस्तकं उघडायची?"

"उघडायची."

एकविसाव्या दिवशी बागकामाच्या रांगेत 'गुलाबाची छाटणी' आलं. नाव एवढंसं आणि जाडी वीटभर. कोणाला गुलाबाचं इतकं सांगायचं असतं? बाईंनी चाळलं. छाटणी संपली, नवीन शीर्षकपान आलं, कलमं. मग गांडूळखत. सारख्या मापाच्या पाच चोपड्या एका पुठ्ठ्यात बांधलेल्या, आणि बांधणाऱ्याने पाठीवर नाव घातलं ते फक्त पहिलीचं. चौथं शीर्षकपान आलं आणि बाई मटकन स्टुलावर बसल्या.

'अंगणातलं सूर्यघड्याळ'. त्याच पानाला टाचलेली चिठ्ठी सरांच्या अक्षरात: पाचही एकत्र बांधा, सुटी राहिली तर हरवतील.

बाई रडल्या. मग इतक्या हसल्या की सुनेने पाणी आणलं. "जाऊन सांगू बाबांना?" ती म्हणाली.

"अजिबात नाही. पाच चोपड्या, पंधरा कार्डं. लिही आधी."

रविवारी सरांच्या शाळेतले गणिताचे मास्तर आले. सर सवयीने सुरू झाले, "आयुष्यात एकच पुस्तक..."

"अहो," बाई ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "लेखकांच्या खोक्यात तुमचं कार्ड आहे. बघा जरा."

सर थबकले, मग उठले. आपल्या आडनावाचं कार्ड त्यांनी काढलं आणि चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. "'अंगणातलं सूर्यघड्याळ'. जागा क, कप्पा तीन, क्रमांक एक्केचाळीस. 'गुलाबाची छाटणी'बरोबर बांधलेलं, चौथं."

ते स्वतःच कपाटाशी गेले. कोणाला काही विचारावं लागलं नाही. पुस्तक सरळ हाताला लागलं. त्यांनी आपलं पान पाहिलं, मग आपली चिठ्ठी पाहिली.

वळले तेव्हा डोळे भरले होते. "मास्तर," ते म्हणाले, "एकवीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आलो. हिने काही केलं नव्हतं. माझं मीच बांधून ठेवलं होतं, आणि शोधलं हिने." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "चुकलो गं."

बाईंचा ऊर असा भरून आला की त्यांना वाटलं, तीस वर्षांच्या नोकरीचं चीज आज झालं. एवढी वर्षं ट्रे धरून उभ्या असलेल्या बाई सरांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि त्यांनी स्वतःसाठी चहा ओतला.

"वाचा सावकाश," त्या म्हणाल्या. "वाचून झालं की त्याच जागी ठेवा."