काळी अक्षरं

नंदनवन भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मयुरा आणि पियुष दोघेही प्रोबेशनवर होते. कायम एकालाच करणार, हे त्यांच्या वरिष्ठांनी, सुमंत सरांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गिऱ्हाईक होत्या साड्यांच्या व्यापारी पुष्पलताबाई. त्यांच्या वेबसाइटचं लॉगिनचं पान गडद जांभळं हवं होतं. मयुराने ते केलं. पण ब्राउझर साठवलेलं नाव-पासवर्ड स्वतःहून भरायचा तेव्हा दोन्ही चौकटी फिक्या निळ्या व्हायच्या. मागचा रंग कितीही बजावून लिहिला तरी ब्राउझर आपलाच खरा करायचा. शेवटी तिने चौकटीच्या आतून जांभळी सावली इतकी दाट पसरवली, की निळा रंग खाली दडला. अक्षरांसाठी पांढरा रंग आधीच लिहिलेला होता.

तिचा लॅपटॉप डार्क मोडवर असायचा. तिथे अक्षरं पांढरी दिसली. तरी शुक्रवारी तिने पियुषला त्याच्या लाइट मोडवरच्या लॅपटॉपवर पाहायला सांगितलं. त्याने पान उघडलं, थोडा वेळ पाहिलं.

"मस्त आहे वं," तो म्हणाला.

सोमवारी पुष्पलताबाई स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. पान उघडलं. चौकटी सुरेख जांभळ्या, पण रिकाम्या दिसणाऱ्या. बाईंनी नाव टाइप करायला घेतलं. पहिलं अक्षर दाबताच आधीच भरलेलं अख्खं नाव पांढरं होऊन उमटलं, शेवटी ते नवं अक्षर चिकटलेलं. त्यांनी विचारलं, माझ्याकडून माल घेणाऱ्या दुकानदारांनी असं चाचपडत बसायचं का? काय बिघडलं तेच मयुराला कळेना.

पियुष पुढे झाला. त्याने शांतपणे समजावलं, की आपोआप भरलेल्या अक्षरांना ब्राउझर नेहमीचा रंग लागू देत नाही. लाइट मोडमध्ये ती काळीच राहतात. जांभळ्यावर काळं दिसणार कसं? अक्षरांच्या आत भरायचा रंग वेगळा द्यावा लागतो. त्याने त्या रंगासाठीची -webkit-text-fill-color ही कोडची एक ओळ लिहिली, पान पुन्हा उघडलं. नाव पांढरं दिसलं. बाई खूश झाल्या.

त्या गेल्यावर मयुराने त्याला विचारलं, "तुले शुक्रवारीच दिसलं होतं ना? काहून नाही सांगितलं?"

"तू फक्त पाहायले सांगितलं होतं. मी पाहिलं."

ती सुमंत सरांकडे गेली. तिचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "पियुषनं शुक्रवारीच दाखवलं होतं. म्हटलं, होऊ दे बाईंसमोर. तू काय करते, पाहायचं होतं."

मग त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत सगळं काम पियुषला समजावून द्यायला सांगितलं. मयुरा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या फाईलपासून सांगू लागली. मधेच ती भराभर बोलू लागली, तरी पियुषने टाइप करायचं थांबवलं नाही.

"थोडं हळू सांग वं," तो म्हणाला, "लिहून राहिलो मी."