कुठला डॉलर

मी दोन दिवस रजेवर होते. मितालीला, माझ्या मुलीला, ताप होता. तिसऱ्या दिवशी खांदा कॉलनीतून रिक्षा करून ऑफिसात आले, तर प्राची खरेदी खात्यातल्या तिच्या टेबलावर नव्हती. ती माझ्या टेलेक्सच्या खोलीत, मशीनच्या मागच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, "वसुंधराताई, मला काढतायत. शनिवारपर्यंत."

प्राची रोडपालीची. तिचे वडील बुधाजी, त्यांची भातशेती सिडकोत गेली. आमचे मालक प्रभाकरशेठ यांचा कारखाना तळोज्याला आणि ऑफिस जुन्या पनवेलात. बुधाजींनी शेठच्या पायऱ्या झिजवून मुलीला नोकरीला लावली, तीही वर्षभर कच्ची. ते वर्ष या शनिवारी भरत होतं. शनिवारी एक तर पक्क्या नोकरीचं पत्र, नाहीतर घर. घरी धाकटी दोन भावंडं आणि शेत नसलेला शेतकरी.

"केलंस काय तू?" मी म्हटलं.

तिने सांगितलं ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

ऑगस्टमध्ये कारखान्याला ॲसिडचा पंप हवा होता. दोन ठिकाणांहून भाव आले, दोन्ही फॅक्सने. अमेरिकेची कंपनी म्हणाली $ ९,४००. सिंगापूरची कंपनी म्हणाली $ ११,८००. माल दोघांचा सारखा, दोन्ही किमती न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोचवून. प्राचीने तुलनेचा तक्ता केला, खरेदीचे मॅनेजर गुरुदत्त सरांनी सही केली, अमेरिकेचा पंप स्वस्त म्हणून ऑर्डर गेली. आता गेल्या आठवड्यात शेठ मुंबईला प्रदर्शनाला गेले. तिथे त्यांना सिंगापूरचा माणूस भेटला. शेठ म्हणाले, तुम्ही फार महाग पडलात बुवा. तो माणूस चकित. म्हणाला, आमची किंमत सिंगापूरच्या डॉलरात होती, आम्ही महाग कसे?

सिंगापूरचा डॉलर तेव्हा एकवीस रुपयांच्या वर, अमेरिकेचा एकतीसच्या वर. म्हणजे अकरा हजार आठशेवाला पंप अडीच लाखांना पडत होता आणि नऊ हजार चारशेवाला दोन लाख ब्याण्णव हजारांना. आम्ही स्वस्त म्हणून घेतला तो बेचाळीस हजारांनी महाग निघाला.

"आणि खापर तुझ्यावर," मी म्हटलं.

"गुरुदत्त सर म्हणाले, तक्ता तुझ्या हातचा. चिन्ह बघून तू दोन्ही डॉलर सारखे धरलेस. मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहून दिलं, माझी चूक झाली म्हणून. लिहून दिलंस तर तुला ठेवायला शेठना सांगतो, असं म्हणाले."

"आणि तू दिलंस लिहून? मला विचारायचं नाहीस?"

"तुमी नव्हतात ना."

माझं डोकं फिरलं ते तिच्यावर नाही, पण ओरडले मी तिच्यावरच. असंच होतं माझं, जवळच्या माणसावर आधी बरसते. कारण मला पक्कं आठवत होतं, या पोरीने दोन्ही डॉलर सारखे धरलेच नव्हते. ती फॅक्सचा कागद घेऊन माझ्याकडे आली होती, याच खोलीत.

आता टेलेक्सची, म्हणजे तारेवरून टाइप करून निरोप पाठवायच्या मशीनची, एक गंमत सांगते. माझ्या मशीनवर डॉलरचं चिन्हच नाही. पौंडाचं नाही, येनचं नाही. आकडे आणि अक्षरं, बस. त्यामुळे पंधरा वर्षं मी प्रत्येक रक्कम अक्षरांत ठोकत आले, यूएस डॉलर, सिंगापूर डॉलर, हाँगकाँग डॉलर, ऑस्ट्रेलियाचा डॉलर. चुकायची सोयच नव्हती. मग गेल्या वर्षी फॅक्स आला आणि गुरुदत्त सरांनी तो ऑफिसात मिरवला. फॅक्सवर समोरचा जे लिहील ते जसंच्या तसं येतं. तो आपल्या देशात बसून नुसतं $ लिहितो, त्याला वाटतं डॉलर म्हणजे आपलाच. ते सगळ्यांचंच असं. दोन आडव्या रेघांचा वाय जपानचा येन पण असतो आणि चीनचा युआन पण. 'केआर' लिहिलं तर स्वीडनचा क्रोन की डेन्मार्कचा की नॉर्वेचा, देवाला माहीत. पत्त्यावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. सिंगापूरचे लोक बाहेरच्या गिऱ्हाइकाला अमेरिकन डॉलरातही भाव देतात. खात्री करायची तर विचारायचं, आणि बँकेत चालतात ती तीन अक्षरं लिहून घ्यायची. यूएसडी. एसजीडी. विषय संपला.

हे सगळं मीच प्राचीला सांगितलं होतं. आणि तिने तिथल्या तिथे मजकूर लिहून दिला होता, "आपली ११,८०० ही किंमत अमेरिकन डॉलरात की सिंगापूर डॉलरात ते कळवावे." मी तो पाठवला होता.

"उत्तर आलंच नाय म्हणे," प्राची म्हणाली. "मी दोनदा विचारलं. सर म्हणाले, नाही आलं, आता वेळ नाही, डॉलर म्हणजे डॉलर, तक्ता पुरा कर."

"आलं होतं," मी म्हटलं.

टेलेक्सचा कागद दुहेरी असतो. वरचा फाडून ज्याचा त्याला द्यायचा, खालची कार्बनची प्रत मशीनवरच गुंडाळत जाते. महिना संपला की मी ती कापते, सुतळी बांधते आणि कपाटात टाकते. फॅक्स आल्यावर गुरुदत्त सर मला दोनदा म्हणाले, "मॅडम, हे भेंडोळे रद्दीत द्या, जागा अडवतात." मी दिले नाहीत. आणि आलेला टेलेक्स मी असाच कोणाच्या हातात देत नाही. वही आहे माझी. तारीख, वेळ, कुठून आला, आणि घेणाऱ्याची सही. लोक वैतागतात. वैतागू देत.

ऑगस्टचा भेंडोळा सोडला. चौदा तारीख. सिंगापूरचं उत्तर तिथे काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर जांभळं छापलेलं होतं. किंमत सिंगापूर डॉलरात, अमेरिकन नव्हे. मग वही काढली. पान बासष्ट. चौदा तारीख, सकाळी अकरा दहा, सिंगापूर. सही गुरुदत्त सरांची, तीच ती शेपटीवाली. बँकेत अमेरिकेच्या पंपाचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे चुकवायची बँकेची हमी, उघडायला अर्ज गेला सोळा तारखेला. म्हणजे दोन दिवस त्या माणसाला माहीत होतं.

का केलं असेल ते मला नंतर शोधावं लागलं नाही. तेरा तारखेलाच तो शेठना सांगून बसला होता की मी अमेरिकेवाल्याला सहाशे डॉलर तोडून नऊ हजार चारशेवर आणलं. शेठनी पाठ थोपटली होती, सगळ्यांसमोर. आता दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगणार की आपण भाव तोडला तो पंपच महाग आहे. त्या एका शाबासकीसाठी कंपनीचे बेचाळीस हजार घालवले आणि एका पोरीची नोकरी.

प्राचीला उठवलं, तोंड धुवायला लावलं, आणि भेंडोळा नि वही काखेत मारून शेठच्या केबिनमध्ये गेले. गुरुदत्त सर तिथेच चहा पीत होते. बरंच झालं.

मी काही प्रस्तावना केली नाही. "शेठ, सिंगापूरचं उत्तर आलं होतं. हे बघा. आणि हे कोणी घेतलं ते बघा."

शेठनी चष्मा लावला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. गुरुदत्त सर म्हणाले, "मला काही आठवत नाही. दिवसाला वीस कागदांवर सह्या करतो मी."

"कागद आठवत नसेल," मी म्हटलं, "पण उत्तर आलंच नाही, हे बरं आठवत होतं तुम्हाला."

शेठ म्हणाले, "लेटर ऑफ क्रेडिट रद्द नाही होत?"

"समोरच्याने हो म्हटल्याशिवाय नाही होत, आणि तो कशाला म्हणेल," गुरुदत्त सर म्हणाले. "माल तर जहाजावर चढलाय."

मग शेठनी जे केलं त्याने माझा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "झालं ते झालं. वसुंधराबाई, आपल्या घरातलं घरात ठेवू. पोरीला पक्कं करतो मी. गुरुदत्त, पुढे काळजी घ्या."

"आणि तिने लिहून दिलेला कागद?"

"तो असू दे फाइलला. ऑडिटवाल्यांना काहीतरी दाखवायला लागेल ना. तिचं काही वाईट होणार नाही, माझा शब्द आहे."

म्हणजे नोकरी पोरीला, चूकही पोरीलाच. मॅनेजर तसाच चकचकीत. मी म्हटलं, "तो कागद फाडा. माझ्यासमोर फाडा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. प्राची आत कधी आली मला कळलंच नाही. आवाज बारीक होता, पण सरळ. "फाडू नका शेठ. जरा द्या माझ्याकडं."

शेठनी फाइल उघडून कागद दिला. मला वाटलं, ही आता पाया पडणार. तिने शेठच्याच टेबलावरचा पेन उचलला. कागदावर गुरुदत्त सरांनी सांगितलेलं वाक्य होतं, "$ ११,८०० आणि $ ९,४०० या किमती मी चुकून सारख्या चलनात धरल्या." तिने पहिल्या $ च्या आधी 'सिंगापूर' लिहिलं आणि दुसऱ्याच्या आधी 'अमेरिका'. 'मी चुकून' वर आडवी रेघ मारली. मग खाली, सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, "किंमत सिंगापूर डॉलरात आहे असा टेलेक्स १४ ऑगस्टला आला. तो गुरुदत्त सरांनी घेतला. सही वहीत पान ६२." खाली स्वतःची सही केली, आजची तारीख घातली.

"आता ठेवा फाइलला," ती म्हणाली.

शेठ कागदाकडे बघत बसले. फाडला तर मी साक्षीला उभी, ठेवला तर ऑडिटवाला वाचणार. "नवीन लिहून दे," ते म्हणाले. "साधं. नावं नकोत."

"नाय शेठ," प्राची म्हणाली. "माझं नाव व्हतं तेव्हा चाललं ना."

गुरुदत्त सर उठून बाहेर गेले. चहा अर्धाच राहिला. शेठनी कागद फाइलमध्ये लावला, दोरीची गाठ मारली, आणि खणातून पक्क्या नोकरीचं पत्र काढून सही केली. मग माझ्याकडे हात केला, "वही ठेवून जा इथे."

"झेरॉक्स पाठवते," मी म्हटलं, आणि वही काखेत मारून टेलेक्सच्या खोलीत परत आले.