नव्वदच्या वरचा रकाना

केकवाल्या बाई जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. हातातलं बँकेचं पासबुक त्यांनी टेबलावर आपटलं.

"अठरा हजार चारशे. गेल्या महिन्यात चेकने दिलेत. आणि तुमचे मामा काल फोनवर मला बुडवी म्हणाले! फोन स्पीकरवर होता, दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. वर माझे खोकेही अडवलेत. आता केक काय लोकांच्या ओंजळीत देऊ?"

टेबलामागे बसलेल्या तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा हा कारखाना तिच्या वडिलांचा, अप्पांचा. हिशेब ती बघायची, विक्री आणि वसुली मामा बघायचा. वसुलीची निकड आताच होती. शुक्रवारपर्यंत कागद गिरणीला चार लाख पोचले नाहीत तर पुढची रिळं येणार नव्हती, आणि रिळं नाहीत म्हणजे मशीन बंद, आठ माणसं घरी. आज बुधवार होता.

तिने एजिंग रिपोर्ट उघडला. कुणाचं बिल मुदत उलटून किती दिवस पडून आहे ते त्यात रकान्यांनी मांडलेलं असतं: आधी मुदतीतलं, मग तीस दिवसांपर्यंतचं, साठपर्यंतचं, नव्वदपर्यंतचं, आणि शेवटी नव्वदच्या वरचं. मामाने तो शेवटचा रकाना तेवढा पाहून फोन फिरवले होते. केकवाल्या बाईंच्या ओळीत तिथे अठरा हजार चारशे होते खरे. पण त्याच ओळीत पहिल्या रकान्यात उणे अठरा हजार चारशे होते, आणि एकूण बाकी शून्य. चेक मामानेच आणून दिला होता, कुठल्या बिलाचा ते न सांगता. त्यामुळे पैसे खात्यात जमा झाले, बिलापुढे लागले नाहीत. चेक टाकताना आपणही विचारलं नाही, हे आठवून तिचे कान तापले.

"बाई, चूक आमची आहे. तुमचं काही देणं नाही."

"मग हे मला नको, त्या मामांना सांगा," बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

तिने जमा त्या बिलापुढे लावली. ओळ नाहीशी झाली. मग तिची नजर पहिल्या रकान्यावरून खाली गेली आणि थांबली. बिस्किटवाले, चार लाख साठ हजार, मुदतीत. तारीख याच महिन्याच्या एक तारखेची. पण या महिन्यात त्यांच्याकडे गाडी गेलीच नव्हती. पहिली आत्ता खाली भरत होती.

तिने पोचपावत्यांची फाईल काढली. तेवढ्याच रकमेचा माल पाच महिन्यांपूर्वी गेला होता, बिस्किटवाल्यांच्या शिक्क्यानिशी. पंचेचाळीस दिवसांची मुदत वजा केली तरी बिल शंभर दिवस थकलेलं. मूळ बिल रद्द करून मामाने नव्या तारखेचं काढलं होतं.

तिने बिस्किटवाल्यांच्या हिशेबनिसाला फोन लावला. तो हसला. "मॅडम, बिलावर तुमचीच तारीख आहे. अजून महिना बाकी आहे. आम्ही कसले थकबाकीदार?"

तिने अप्पांना आणि मामाला वर बोलावलं.

"चिमणे, एवढं काय पेटलीस?" मामा म्हणाला. ती चाळिशीला आली तरी त्याच्यासाठी चिमणीच होती. "बिल नव्वदच्या वर गेलं की माझं कमिशन अर्ध्यावर येतं. तारीख बदलली, पैसे कुठे पळून गेलेत?"

"शुक्रवारी मशीन बंद पडलं असतं, मामा! शंभर दिवस थकलेलं बिल कुणी मागितलं नाही, कारण तुम्ही ते यादीतून लपवलंत. आणि ज्यांनी पैसे भरले त्यांना चारचौघांत बुडवी म्हणालात. या बसल्यात त्या."

मामाने बाईंकडे पाहिलं आणि मान वळवली.

"घरचा माणूस आहे, आवाज चढवू नकोस," अप्पा पुटपुटले.

"घरचे आहेत म्हणून तर रिपोर्ट त्यांच्या हाती दिला होता." तिने पोचपावती त्यांच्यापुढे सरकवली. "शिक्का बघा, अप्पा. तारीख बघा."

अप्पांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग खिडकीपाशी जाऊन खाली ओरडले, "बिस्किटवाल्यांची गाडी थांबवा! एक खोका बाहेर जायचा नाही."

"अप्पा, मोठं गिऱ्हाईक आहे, तुटेल!" मामा म्हणाला.

"बिस्किटवाल्यांच्या मालकाला फोन लाव. पोचपावतीची तारीख सांग, खोटं बिल तू काढलंस तेही सांग. आधी या बाईंची माफी माग."

मामा बाईंकडे न बघता काहीतरी म्हणाला. "ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

मालकाशी बोलताना मात्र त्याचा आवाज साखरेचा झाला. शेवटी त्याने फोनवर हात ठेवला. "उद्या दुपारपर्यंत सगळे भरतो म्हणतायत. पण माल आजच हवाय. सोडू गाडी?"

अप्पांनी लेकीकडे पाहिलं.

"पैसे खात्यात दिसू देत," ती म्हणाली. "तोवर गाडीत केकवाल्या बाईंचे खोके भरा. मामा पोचवतील, पत्ता त्यांना पाठ आहे."