दबलेली लव

पुंडलिकनगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मेलेलं माणूस वावरतं असं कोणी म्हटलं असतं, तर अपेक्षानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती. भुताखेतांचं नाव काढलं की वर्गातल्या पोरांना तास संपेपर्यंत फैलावर घ्यायची. पण घरच्या बैठकीतल्या गालिच्यापुढं तिचं विज्ञान मुकाट बसायचं.

गालिचा काही राजेशाही नव्हता. मरून रंगाचा, पॉलिप्रॉपिलीनचा, ऋतुराज पोटात असताना घाईनं घेतलेला. लेकरू रांगायला लागलं की फरशी गार लागेल, एवढाच विचार. ऋतुराजनं त्यावर दूध सांडलं, वरण सांडलं, आणि टीव्हीसमोरची एक जागा धरली ती धरलीच. दोन्ही पाय मागं मुडपून तो तिथंच बसायचा. उचलून सोफ्यावर ठेवला तरी घसरत परत तिथंच. बसून बसून तिथली लव, म्हणजे गालिच्याचे उभे धागे, दबली होती. मधे बुडाचा खळगा, दोन्ही बाजूंना नडग्यांच्या पट्ट्या. मग एका पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यूचा ताप आला आणि चार वर्षांचं लेकरू आठवडाही न काढता गेलं. खूण मात्र राहिली.

अपेक्षा रोज शाळेला निघण्याआधी तिथं तळहात टेकवायची. झाडू त्या जागेला वळसा घालून जायचा. इंद्रजीत, तिचा नवरा, हे बघायचा आणि काही बोलायचा नाही. पोराबद्दल तो एकूणच बोलला नव्हता. अंत्यविधीला रडला नाही. महिन्याभरात पोराचे कपडे एका आश्रमात देऊन आला. माणूस आहे की दगड, असं तिच्या मनात आलं होतं, आणि ते तिनं अजून मनातून काढलेलं नव्हतं.

दोन वर्षं झाली. खूण पुसट व्हायची, तर ती मोठी होत चालली. आधी तो खळगा तिच्या एका वितेत मावायचा. मग मावेनासा झाला. पट्ट्या रुंदावल्या, लांबल्या. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलाच भ्रम. मग तिनं महिन्याच्या अंतरानं दोनदा मोजपट्टी लावून पाहिली. भ्रम नव्हता. ऋतुराज असता तर आता पहिलीत असता. पाय एवढेच लांब झाले असते. तो वाढत होता. इथंच, रोज येऊन बसत होता आणि वाढत होता. तिला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. त्या आनंदाचीच मग तिला भीती वाटली.

आणि गार्गी! वर्षाची व्हायला आलेली ही धाकटी, भावाला कधी न पाहिलेली. खोलीभर रांगून शेवटी त्या खुणेच्या काठाशी यायची, बसकण मारायची आणि रिकाम्या जागेकडं बघून खुदकन हसायची. हातातला बिस्किटाचा तुकडा तिकडं पुढं करायची. कोणी घेईना म्हणून थोडा वेळ वाट बघायची. अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत राहायची आणि गॅसवरचं दूध उतू जायचं.

असंच चाललं असतं, पण गार्गीची छाती वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "घरात जुनं कार्पेट आहे का?" घरी येऊन इंद्रजीतनं गालिच्याचा कोपरा उलटला. मागचा रबराचा थर सुकून त्याचा भुगा झाला होता. फरशीवर पिवळट पूड पसरली होती, आणि तीच पूड गार्गीच्या मुठीत होती.

"काढून टाकू हा," इंद्रजीत म्हणाला.

"धुऊन घेते मी."

"धुतल्यानं मागचा थर परत येतो व्हय? पोरीच्या तोंडात जातंय ते."

"तुम्हाला तर सगळंच काढून टाकायची घाई आहे," ती म्हणाली. त्यानं उलटलेला कोपरा परत खाली सोडला. वर्मी बसलं होतं.

पण छाती वाजणारं लेकरू समोर असताना आईला किती दिवस हट्ट धरता येणार? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती शहागंजच्या बाजारात फारूखभाईंच्या गालिच्यांच्या दुकानात गेली. फारूखभाई म्हणजे बोलण्यात लोकरीहून मऊ आणि भावात तागाहून खरखरीत. त्यांनी नमुन्याचे चार तुकडे तिच्यापुढं टाकले.

"ताई, घरात रांगतं लेकरू हाय ना? मग ह्यो ताग आधी बाजूला ठेवा. दिसायला लई झाक, पायाला गार. पण पोरीचे गुडघे सोलून निघतील. वर त्याचे धागे झडतात. पाणी सांडलं, लेकरानं शू केली, की डाग पडला आन कुबट वास सुटला म्हणून समजा."

"आणि ही लोकर?"

"ही खानदानी. मऊ, उबदार. ठिणगी पडली तरी भडकत नाय. सांडलेलं पटकन पुसलं तर आत मुरत नाय. पण किंमत बघून मिस्टर आमच्या नावानं बोटं मोडतील. सुरुवातीला हिचं केस निघतात, लेकरू तोंडात घालतं. उन्हाळ्यात बांधून ठेवली तर कसर लागते." त्यांनी तिसरा तुकडा पुढं सरकवला. "नायलॉन. सगळ्यात चिवट. चहा-हळदीचा डाग धरतं, म्हणून डाग न धरणारी प्रक्रिया केलेलंच घ्यायचं. थंडीत कधी हाताला झटका बसतो, बारीकसा. आन हे पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. स्वस्त, पाणी पीत नाय, धुवा आन वाळवा. फक्त तेल चिकटतं, गरम इस्त्री ठेवली तर वितळतं, आन लव दबते."

"दबलेली किती दिवस राहते?" अपेक्षानं विचारलं.

फारूखभाईंना प्रश्न उलटा ऐकू आला. गिऱ्हाईक हेच विचारतं की दबणार नाही ना. त्यांनी नायलॉनवर अंगठा रुतवून उचलला. लव लगेच सरळ झाली. "बघा! लोकर जरा वेळ घेते, वाफ दिली की उठते. तागाला दबायला लवच नाय."

"नाही, मला राहायला हवी आहे. बसल्याची खूण. कशावर जास्त दिवस राहते?"

फारूखभाई तिच्याकडं बघत राहिले. तीस वर्षांत असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. त्यांनी चारही तुकडे गोळा केले आणि एवढंच म्हणाले, "उद्या दुपारी येतो घरी. खोलीचं माप घेतो, मग ठरवू."

ते आले तेव्हा इंद्रजीत दुसऱ्या पाळीला कंपनीत गेला होता आणि गार्गी आत झोपली होती. फारूखभाईंनी टेप पसरली, लांबी-रुंदी घेतली आणि टीव्हीसमोर येऊन थांबले. उकिडवं बसून त्यांनी खुणेच्या काठावरून उलटी बोटं फिरवली.

"इथं कोण बसतं, ताई?"

आजवर हे अपेक्षानं कोणाला सांगितलं नव्हतं. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं. "माझा मुलगा बसायचा. तो नाही आता. दोन वर्षं झाली."

फारूखभाईंनी हात मागं घेतला. बराच वेळ टेप गुंडाळण्यात घालवला. मग हळू आवाजात म्हणाले, "अल्ला त्याला जन्नत देवो. पण ताई, खोटं बोलून गालिचा विकणारा मी नाय. लेकराचं वजन ते किती. पीपी दबतं हे खरं, पण दोन वर्षं त्यावर कोणी बसलं नसंल, तर थोडं थोडं उठतंच. इतकं साफ राहत नाय. ही लव ताजी दबलेली हाय, रोज दबणारी. आन हे वजन लेकराचं नाय."

ते गेल्यावर अपेक्षा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भरदुपारी, पंखा चालू, खाली भाजीवाला ओरडतोय. लेकराचं वजन नाही. मग तिच्या घरात येऊन कोण बसत होतं? ती रोज सकाळी कोणाच्या जागेवर हात टेकवत होती? ऋतुराजच्या नावानं तिनं काय घरात घेतलं होतं? ती आत धावली आणि झोपलेल्या गार्गीला उचलून छातीशी धरलं. त्या दिवशी तिनं बैठकीच्या खोलीत पाय ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला फळाही दिसेना. तिच्या मनात सारखं एकच येत होतं. सकाळभर गार्गी त्याच खोलीत असते. तिच्याजवळ इंद्रजीत असतो खरा, पण रात्री उशिरा कंपनीतून आलेला, डोळा लागत असेल त्याचा. मधल्या सुट्टीत तिनं मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली.

किल्ली होतीच. दार आवाज न करता उघडलं.

टीव्ही बंद होता. टीव्हीसमोर, त्याच जागेवर, दोन्ही पाय मागं मुडपून इंद्रजीत बसला होता. एवढा थोराड माणूस, पोट सुटलेला, लेकरासारखा दोन नडग्यांच्या मधे बसलेला. काठाशी गार्गी होती. तिनं बिस्किटाचा ओला तुकडा पुढं केला, आणि त्यानं तोंड उघडून तो घेतला.

अपेक्षाच्या हातातली पिशवी खाली पडली. तो दचकून वळला. उठायला गेला, पण पाय बधिर झाले होते, उठता येईना.

"रोज?" तिनं विचारलं.

"तू शाळेत गेलीस की."

"का, पण?"

त्यानं गालिच्याकडं बघत सांगितलं. "तो गेला, त्या दिवाळीतच ती खूण उठायला लागली होती. तुझ्या ध्यानात आलं नाय. तू रोज हात ठेवायचीस. मला वाटलं, एक दिवस हिचा हात तिथं जाईल आन तिथं काहीच नसंल. मग हिचं काय व्हईल? म्हणून बसलो. एकदाच बसायचं म्हणून. आठवड्यानं बघितलं तर परत उठलेली. मग रोजच बसायला लागलो, तशी ती माझ्या मापानं पसरत गेली."

"मग काढून टाकू कशाला म्हणालात?"

"पोरीची छाती वाजती, अपेक्षा. ते ऐकवंना. आन तुला सांगवंना, की तिथं तो नाय."

म्हणजे ऋतुराजची खूण केव्हाच गेली होती. ज्या जागेवर हात ठेवून तिनं दोन वर्षं पोराला मोठं होताना पाहिलं, ती ह्या दगडाची जागा होती. तिचं लेकरू त्या क्षणी दुसऱ्यांदा गेलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं हात दिला आणि त्याला ओढून उभं केलं.

मग दोघांनी सोफा सरकवला आणि गालिचा गुंडाळला. भुगा उडत होता म्हणून गार्गीला आतल्या खोलीत ठेवलं होतं, ती तिथून ओरडत होती. वळकटी बाहेर जिन्यात नेऊन ठेवली, फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. खोली एकदम मोठी आणि अनोळखी दिसायला लागली. अपेक्षानं फारूखभाईंना फोन लावला.

"नायलॉनच द्या," ती म्हणाली. "आखूड लवेचं, डाग न धरणारं. खाली घसरू नये म्हणून जाळी लागेल ती पण द्या."

तिनं फोन ठेवला. इंद्रजीत फडकं हातात घेऊन तसाच उभा होता.

"त्याच्यावर खूण राहत नाय ना?" त्यानं विचारलं.

"नाही राहत. लगेच उठते."

त्यानं मान डोलावली. टीव्हीसमोरच्या ओल्या फरशीकडं बघितलं.

"मग मी कुठं बसू?" तो म्हणाला, आणि अंत्यविधीला न रडलेला तो माणूस फरशीवर बसून हमसून रडायला लागला. अपेक्षाही त्याच्या शेजारी ओल्यातच बसली.