पंचेचाळीस किलोंचे स्वयंसेवक

या, असे जवळ बसा, एक गंमत सांगतो. कॉलेजातल्या एका मुलीची आई परक्याच्या रक्तावर वाचली होती, म्हणून कॉलेजात रक्तदान शिबिर भरावं ही तिची तळमळ. तिने पोस्ट टाकली, "स्वयंसेवक हवेत. शिफ्ट सकाळी किंवा दुपारी. वय अठरा पूर्ण, वजन किमान पंचेचाळीस किलो." घाईत रक्तदात्यांची अट स्वयंसेवकांना लागली!

शिबिराच्या दिवशी रक्त देण्याजोगी धट्टीकट्टी मुलं स्वयंसेवक म्हणून खुर्च्या लावत राहिली, दात्यांच्या खाटा रिकाम्याच.

"दाते कुठंयत?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेबलं उचलतायत," ती रडवेली झाली.

"अहो पैलवान, तपासणीला चला!" डॉक्टरांनी मुलांना हाक मारली. "रक्त दिल्यावर आज ओझी उचलणं बंद."

खुर्च्या लावायला कोण? वजनात न बसल्याने दाराशी खट्टू उभी असलेली तिची मैत्रीण, जिला सगळे काडी म्हणत, ती धावली. खाटा भरल्या.

रक्तदात्यांना दुवा द्याल तेव्हा काडीचीही आठवण ठेवा बरं.