गोळीला रामराम

आमच्या योगाच्या चॅनेलचा सकाळचा थेट वर्ग चालू होता. मी चटईवर बसून खांदे फिरवत होते. दीर कॅमेऱ्यामागे होते आणि समोरच्या टॅबवर लोकांचे संदेश वर सरकत होते. शिकवणं माझं आणि चित्रण, कापाकापी, मथळे भावोजींचे, अशी आमच्या घरातली वाटणी आहे. शिकवताना मी संदेशांकडे फारसं बघत नाही, कारण त्यात निम्मी फुलं असतात आणि निम्मे फुकटचे सल्ले. पण हा संदेश डोळ्यांत भरला.

लिहिणारीनं स्वतःचं नाव ‘बाबांची चिमणी’ ठेवलं होतं. ‘ताई, तुमचा गोळीला रामराम व्हिडिओ पाहून बाबांनी बीपीची गोळी सोडली. आज भिंतीला टेकून शीर्षासन केलं. आता डोकं खूप दुखतंय. पुढचं आसन कोणतं?’

माझे खांदे जागच्या जागी थांबले. गोळीला रामराम? असा व्हिडिओ मी केलेलाच नव्हता.

“भावोजी, हे काय आहे?” मी कॅमेऱ्यासमोरच विचारलं.

भावोजींनी हातानं खूण केली, चालू ठेवा, नंतर बोलू. थेट प्रक्षेपणात थांबलं की लोक पळतात, हा त्यांचा मंत्र. एरवी मी तो निमूट ऐकते. आज माझं डोकं फिरलं.

“वर्ग थांबला आहे,” मी म्हणाले. “सगळे जण आपापल्या जागी स्वस्थ बसा. चिमणी, तू लक्ष दे. बाबांना धरून हळूच बसव, पाठीला टेकू दे. आता कुठलंच आसन नाही, प्राणायामसुद्धा नाही. मला एवढंच सांग, त्यांना नीट दिसतंय का? बोलणं जड झालंय का? एखादा हात-पाय ढिला वाटतोय का?”

माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात आणि तिला टाइप करायला आणखी. तेवढ्यात भलत्याच लोकांचे संदेश धो धो आले. एकानं लिंबूपाणी सुचवलं, दुसऱ्यानं तळपाय चोळायला सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! “उपाय लिहू नका!” मी ओरडले. “भावोजी, हे सगळं पुसा आणि आपला फोन नंबर वर ठेवा.”

भावोजी आता पांढरेफटक पडले होते. त्यांनी नंबर टाकला. टाकता टाकता पुटपुटले, “वहिनी, तो तुमच्या त्या व्हिडिओतलाच तुकडा आहे. वर्गातले काका सांगतात ना, माझी गोळी सुटली, तो.”

ते काका मला चांगले आठवत होते. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की वजन उतरलं, मीठ कमी केलं, रोज चालले, डॉक्टरांनी कित्येक महिने बीपी मोजलं आणि मग डॉक्टरांनीच गोळी आधी कमी करून नंतर थांबवली. त्याआधी मी स्वतः बजावलं होतं, ज्यांना बीपी आहे, काचबिंदू आहे, मानेचं दुखणं आहे त्यांनी डोकं खाली असलेली आसनं करायची नाहीत आणि कुणीही मनानं औषध सोडायचं नाही.

“आणि त्याच्या पुढचं-मागचं कुठे गेलं?”

“सुरुवातीलाच सूचना आली की लोक निघून जातात. म्हणून ती व्हिडिओखालच्या वर्णनात टाकली. लिहिलीय मी, सगळी लिहिलीय.”

“वर्णन कोण उघडतं हो? तुम्ही तरी उघडता का?”

खरं तर मीही ते छोटे तुकडे कधी बघत नव्हते. बघणारे वाढताहेत, एवढं मात्र रोज बघत होते.

फोन वाजला. मी आवाज मोठा केला. कोवळी, घाबरलेली मुलगी होती.

“ताई, बाबांना उजव्या हातात कप धरवत नाहीये. बोलतायत ते पण नीट कळत नाहीये. घरात गोळ्या आहेत. आता एक देऊ की दोन?”

उत्तर जिभेवर येऊ पाहत होतं. इतकी माणसं ऐकत असताना, एक पोर रडत विचारत असताना, काहीतरी सांगावंसं वाटतंच. त्या मोहाचीच मला भीती वाटली.

“एकही नको,” मी म्हणाले. “पाणीसुद्धा तोंडात घालू नकोस, गिळता आलं नाही तर ठसका लागेल. मी डॉक्टर नाही. काय द्यायचं ते मला माहीत नाही आणि मी सांगणार नाही. रुग्णवाहिका बोलाव. आत्ता.”

“पण ताई, बाबांचा डॉक्टरपेक्षा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही नुसतं सांगा ना...”

“चिमणी! विश्वास आहे ना? मग ऐक. माझा फोन ठेव आणि रुग्णवाहिकेला लाव. सांग, हात ढिला पडलाय, बोलणं अडखळतंय. हे कधी सुरू झालं ती वेळ सांग, डॉक्टरांना ती लागते. सोडलेल्या गोळ्यांचं पाकीट बरोबर घे. बाबांना एकटं सोडू नकोस. ठेव फोन!”

तिनं ठेवला.

मी कॅमेऱ्याकडे वळले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. “आमच्या चॅनेलवर एक खोटा तुकडा आहे,” मी म्हणाले. “खोटा, कारण तो अर्धा आहे. काकांची गोळी योगानं सुटली नाही, ती डॉक्टरांनी तपासून थांबवली. मी आसनं शिकवते, आजार बरे करत नाही. कुणी गोळी सोडली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. परत कशी सुरू करायची तेही त्यांनाच विचारा.”

भावोजींनी प्रक्षेपण बंद केलं. तो तुकडा त्यांनी माझ्यादेखत काढून टाकला. मग डोकं धरून बसले. “वहिनी, मला वाटलं, मथळाच तर आहे.” मला त्यांना फाडून खावंसं वाटत होतं आणि त्यांची दयाही येत होती. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. जेवण तसंच राहिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण रडका नव्हता. वेळेत नेलं म्हणून उपचार करता आले, असं डॉक्टर म्हणाले होते. हातात थोडी ताकद येत होती. पुढचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. भावोजींनी तोंड फिरवलं.

“ताई, बाबांना बोलायचंय,” ती म्हणाली. “ऐकेचनात.”

पलीकडून जड, ओढत ओढत येणारे शब्द आले. मला वाटलं, आता शिव्या येतील, आणि त्या खायची माझी तयारी होती.

“ताई... इथं चार-चार गोळ्या... देतायत. मला काही... पटत नाही. तुम्ही सांगा... त्यातली कुठली घेऊ?”