मंजुरी कोणी रद्द केली

बँकेच्या काचेच्या दाराशी येऊन पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाई थबकल्या.

"वहिनी, आपलेच पैसे मागायला आलोय. दरोडा घालायला नाही," नणंद म्हणाली.

"हळू बोला हो, वन्सं."

गोष्ट साधी होती. कागद कापायचं एक जुनं मशीन विकत घ्यायला बाईंनी कर्ज मागितलं. मंजुरीपत्र आलं आणि त्याच दिवशी खात्यातून प्रोसेसिंग फी कापून गेली, वर त्यावरचा कर. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं : जुन्या यंत्रांवर कर्ज देणं बँकेने थांबवलं आहे, सबब मंजुरी रद्द. मशीन गेलं, त्याचं एवढं काही नाही. पण फी गेली होती ती कॉलेजच्या ग्रंथपालांनी पुठ्ठ्यासाठी आणि कापडासाठी दिलेल्या आगाऊ रकमेतून. महिनाअखेर पुस्तकं बांधून द्यायची, नाहीतर ती रक्कम परत करायची.

तरीही बाई आठ दिवस गप्प बसल्या होत्या. त्यांच्या दुकानाचं कॅश क्रेडिट, म्हणजे उचल खातं, याच बँकेत होतं. माल उचलायचा तो त्यावर. त्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. बँकेशी वाकडं झालं आणि ते अडलं, तर दुकानाला कुलूप.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होती. बाईंनी फी परत मागणारा अर्ज पुढे केला, तो न वाचताच म्हणाली, "फी परत मिळत नाही. मंजुरीपत्रात लिहिलंय तसं."

"बँकेनेच रद्द केलं तरी?" नणंदेने विचारलं.

मॅडमने मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "यावर सही करा. मग बघते मी. आणि मूळ मंजुरीपत्र जमा करा."

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. बँकेची सगळी पत्रं त्यांनी पुठ्ठा घालून, दोऱ्याने शिवून टाकली होती.

"हे काय केलंत!"

"सुटे कागद हरवतात हो," बाई ओशाळून म्हणाल्या.

"यातलं पान फाडायचं असेल तर आधी हिचा हात तोडावा लागेल," नणंद म्हणाली. "झेरॉक्स काढून घ्या."

बाई तो छापील कागद वाचू लागल्या. पुस्तक बांधण्याआधी पान न् पान लावून बघायची त्यांची सवय. सातव्या ओळीवर बोट थांबलं. 'मी स्वतःच्या विनंतीवरून कर्ज रद्द करीत असून फीवर माझा हक्क राहणार नाही.'

"मॅडम, मी कुठे विनंती केली?"

"फाईल बंद करायला काहीतरी कारण लागतं. सगळे करतात सही." मग आवाज खाली आला. "तुमचं नूतनीकरणही माझ्याच टेबलावर येणार आहे, बाई."

बाईंनी पेन उचललं. टोक कागदाला टेकलं, तेवढ्यात त्यांना दिसलं, मॅडम पुन्हा पुन्हा केबिनच्या दाराकडे चोरून बघत होती.

"तुम्हाला कसली भीती?" बाईंनी विचारलं.

मॅडम कुजबुजली. "जुन्या यंत्रांचं सर्क्युलर तुमच्या मंजुरीच्या आधीच आलं होतं. मी वाचलं नव्हतं. बँकेने रद्द केलं असं लिहिलं की फी परत करायला वरची परवानगी लागते. मग ते विचारणार, मंजूर केलंच का?"

केबिनचं दार उघडलं. मॅनेजर बाहेर आले. "काय चाललंय?"

नणंदेने तोंड उघडलं, तसा बाईंनी तिचा पाय दाबला. सही करून निघून जाणं किती सोपं होतं. पण त्या पेन खाली ठेवून उठल्या.

"साहेब, मंजुरी बँकेने रद्द केली. मी नाही. फी परत मागायला आलेय. अर्जावर पोच हवी."

मॅनेजर मॅडमकडे वळले.

"हो सर," मॅडम म्हणाली. "सर्क्युलर बघायचं माझ्याकडून राहिलं."

मॅनेजरांनी अर्ज वाचला, शिक्का मारला, तारीख घातली. "वर पाठवतो. करासकट परत मिळायला हवी." एवढंच बोलून ते आत गेले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आता नूतनीकरणाचं ते काय करतील, या विचाराने बाईंची झोप उडाली.

अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. त्याच दुपारी बाईंनी पुठ्ठा उचलला आणि कॉलेजची पुस्तकं शिवायला घेतली. नणंद म्हणाली, "बघ! उगाच जीव टांगणीला लावला होतास."

पुढच्या महिन्यात नूतनीकरणाचे कागद घेऊन बाई एकट्याच बँकेत गेल्या. कर्जाच्या टेबलावर आता एक पोक्त गृहस्थ होते.

"इथल्या मॅडम?"

"बदली झाली त्यांची." त्यांनी बाईंची फाईल उघडली, चष्मा वर सारला आणि सावकाश पानं उलटू लागले. फी परत मागणाऱ्या, शिक्का मारलेल्या अर्जाशी ते थांबले. परत पहिल्यापासून वाचला.

"हा अर्ज तुमचाच का?"

बाईंनी पिशवी घट्ट धरली.

"माझाच," त्या म्हणाल्या.